उधारीचे भाकीत आणि कारणाचा भ्रम

उधार माल देण्यापूर्वी प्रत्येक पेढी दोन प्रश्नांचा विचार करीत असते. या कुळाकडून पैसे वेळेवर परत येतील काय, हा पहिला प्रश्न; आणि न आल्यास ते कशामुळे येणार नाहीत, हा दुसरा. ऐकताना हे दोन्ही प्रश्न एकाच घरचे वाटतात, परंतु त्यांची उत्तरे मिळविण्याचे मार्ग अगदी निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर जुन्या वह्या चाळून बऱ्याच अंशी काढता येते. दुसऱ्याचे उत्तर वह्यांत असेलच असे नाही.

अलीकडे बँका व कर्ज देणाऱ्या संस्था पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रावर गणित मांडून काढतात. हजारो जुन्या कर्जांच्या नोंदी घ्यावयाच्या, कोणती फिटली व कोणती थकली हे पाहावयाचे, आणि नव्या अर्जदाराचे कर्ज थकण्याचा संभव शेकडा किती, हे सांगावयाचे. असे या भाकिताच्या गणिताचे स्वरूप असते. गणिताबरोबर जो अहवाल येतो त्यात दोन गोष्टी आवर्जून दिलेल्या असतात. अर्जातील कोणती माहिती भाकितास किती उपयोगी पडली, ही एक. तिला रकान्याचे महत्त्व म्हणता येईल. गणिताने सांगितलेले शेकडा प्रमाण प्रत्यक्षाशी कितपत जुळते, ही दुसरी. तिला इंग्रजीवरून कॅलिब्रेशन म्हणतात. आपल्या दुकानातील काटा जसा प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तसाच हा प्रकार असल्यामुळे आम्ही त्यास येथे मापाची पडताळणी म्हणू.

या दोन्ही गोष्टी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासंबंधी आहेत. तथापि अहवाल वाचणारा आणि पुष्कळदा लिहिणाराही त्यांतून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजून चालतो. ही समजूत कशी चुकते, हे दाखविणारे एक खरे उदाहरण जर्मनीतील आहे. ते उधारीच्याच व्यवहाराचे असल्यामुळे आपल्या सभासद बंधूंस समजण्यास अवघड जाऊ नये.

दक्षिण जर्मनीतील एक हजार कर्जे

दक्षिण जर्मनीतील एका मोठ्या प्रादेशिक बँकेने १९७३ ते १९७५ या वर्षांत दिलेल्या कर्जांपैकी एक हजार कर्जांच्या नोंदी अभ्यासासाठी निवडण्यात आल्या. त्यांपैकी ७०० कर्जांत करार नीट पाळला गेला होता, ३०० कर्जांत तो पाळला गेला नव्हता. या ३०० कर्जांना आम्ही सोयीसाठी 'थकलेली' म्हणतो. प्रत्येक कर्जापुढे वीस रकान्यांत माहिती भरलेली होती: बँकेतील चालू खात्याची स्थिती, पूर्वीच्या कर्जांचा इतिहास, कर्जाची मुदत, रक्कम, हेतू, वय, नोकरी इत्यादी. हांबुर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक हान्स होफमान यांच्याकडून १९९४ मध्ये या नोंदी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संग्रहात आल्या, आणि तेव्हापासून भाकिताचे गणित शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या असंख्य लोकांनी त्यांवर हात चालविला.

वीस रकान्यांपैकी चालू खात्याचा रकाना सर्वांत बोलका ठरत आला आहे. या रकान्यात कर्जदारांचे चार गट पाडलेले आहेत. गटांची नावे आम्ही मुद्दाम थोडा वेळ झाकून ठेवतो व त्यांना केवळ क, ख, ग, घ म्हणतो.

| गट | कर्जे | थकलेली | शेकडा |
|---|---|---|---|
| क | २७४ | १३५ | ४९ |
| ख | २६९ | १०५ | ३९ |
| ग | ६३ | १४ | २२ |
| घ | ३९४ | ४६ | १२ |

'क' गटातील जवळजवळ निम्मी कर्जे थकली, आणि 'घ' गटातील आठांपैकी एकही पुरते नाही. ज्याच्या हाती दुसरी कोणतीही माहिती नाही, त्यालाही हा एक रकाना बरेच काही सांगून जातो.

रकान्याचे महत्त्व कसे मोजतात

'बरेच काही' म्हणजे किती, हे मोजण्याची एक सरळ रीत आहे. थकलेल्या ३०० कर्जांतून एक व फिटलेल्या ७०० कर्जांतून एक अशी जोडी उचलावी, आणि त्या दोहोंपैकी थकलेले कोणते, हे फक्त खात्याचा गट पाहून ओळखण्यास सांगावे. ज्याच्या गटात थकण्याचे प्रमाण अधिक, त्या कर्जावर बोट ठेवावयाचे. दोन्ही कर्जे एकाच गटातील निघाली तर नाणे उडवून ठरवावयाचे. अशा एकंदर २,१०,००० जोड्या होतात. वरील कोष्टकावरून हिशेब केला तर शंभरांपैकी सुमारे ७१ जोड्यांत उत्तर बरोबर येते.

आता त्या रकान्यातील हजार नोंदी पत्त्यांप्रमाणे पिसून टाकाव्यात व वाटेल त्या कर्जापुढे वाटेल ती नोंद येऊ द्यावी. रकान्याचा कर्जाशी असलेला संबंध तुटला, म्हणजे केवळ नाणे उडविणे उरले. शंभरांत ५० उत्तरे बरोबर येतील. ७१ आणि ५० यांतील २१ चे अंतर, हे या रकान्याचे महत्त्व. पूर्वकर्जांच्या इतिहासाचा रकाना एकटाच घेऊन आम्ही हाच हिशेब केला, तेव्हा ६३ हा आकडा आला. म्हणजे त्याचे महत्त्व १३. अनेक रकाने एकत्र वापरणाऱ्या मोठ्या गणितातही रीत हीच असते: एकेक रकाना पिसावयाचा आणि भाकीत किती घसरले ते पाहावयाचे. लिओ ब्राइमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००१ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात ही युक्ती मांडली, तेव्हापासून तिचा प्रसार फार झाला.

मात्र अनेक रकाने एकत्र असले म्हणजे एक सावधगिरी घ्यावी लागते. कर्जाची मुदत व कर्जाची रक्कम या गोष्टी सहसा बरोबर चालतात. मोठ्या रकमेस मुदतही मोठी असते. अशा वेळी एक रकाना पिसला तरी दुसरा त्याची उणीव भरून काढतो, आणि दोन्ही आपापल्या परीने कमी महत्त्वाचे दिसतात. एकच बातमी आणणारे दोन गुमास्ते असले, तर त्यांपैकी एक रजेवर गेल्याने पेढीचे काही अडत नाही; त्यावरून बातमीच निरुपयोगी होती, असा निष्कर्ष कोणी काढीत नाही.

याहून मोठी गोष्ट अशी, की महत्त्व हा रकान्याचा अंगचा गुण नसून तो समोरच्या समुदायाशी बांधलेला असतो. उद्या एखाद्या बँकेने 'घ' गटातील लोकांनाच कर्ज देण्याचा नियम केला, तर तिच्या वह्यांत सर्वांपुढे एकच नोंद येईल आणि त्या रकान्याचे महत्त्व शून्य होईल. माणसे बदलली नाहीत, त्यांच्या फेडीची सवय बदलली नाही. केवळ निवड बदलली.

नावांचा घोटाळा

आता झाकलेली नावे उघडू. संग्रहातील नोंदींबरोबर जी नामावली आली होती, तिच्याप्रमाणे 'क' म्हणजे ज्यांच्या खात्यातील शिल्लक शून्याखाली आहे असे लोक; 'ख' म्हणजे शून्य ते २०० मार्क शिल्लक असलेले; 'ग' म्हणजे २०० मार्कांहून अधिक शिल्लक असलेले किंवा निदान एक वर्ष ज्यांचा पगार खात्यात जमा होत आहे असे; आणि 'घ' म्हणजे ज्यांचे चालू खातेच नाही असे.

पहिल्या तीन गटांचा क्रम व्यवहारास धरून दिसतो. शिल्लक वाढली तसतशी थकबाकी घटली. परंतु चौथा गट विचित्र आहे. ज्यांचे बँकेत खातेच नाही, तेच सर्वांत उत्तम फेड करणारे ठरतात. येथे कारणे रचण्यास मनास मोकळे रान मिळते. ज्याचे येथे खाते नाही त्याचे दुसऱ्या बँकेत मोठे खाते असेल. तो उधळ्या नसून रोखीने व्यवहार करणारा असेल. अनोळखी म्हणून बँकेने त्यास अधिक पारखून घेतले असेल. यांतील प्रत्येक स्पष्टीकरण ऐकावयास पटण्याजोगे आहे, आणि 'हा रकाना सर्वांत महत्त्वाचा' हे वाक्य पाठीशी असले म्हणजे ते अधिकच पटते.

२०१९ मध्ये बर्लिन येथील संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका उल्रिके ग्रोम्पिंग यांनी या नोंदी जुन्या जर्मन लेखनाशी ताडून पाहिल्या व आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निघाले ते असे, की नामावलीच चुकीची जोडली गेली होती. खरे पाहता 'क' म्हणजे चालू खाते नसलेले; 'ख' म्हणजे शून्याखाली शिल्लक असलेले; 'ग' म्हणजे शून्य ते २०० मार्क शिल्लक असलेले; आणि 'घ' म्हणजे २०० मार्कांहून अधिक शिल्लक किंवा पगार जमा होत असलेले. सर्वांत उत्तम फेड करणारे म्हणून ज्यांचे कौतुक चालले होते ते बिनखात्याचे लोक नव्हतेच. ते पगारदार व शिलकीचे खातेदार होते.

पूर्वकर्जांच्या रकान्याचीही अशीच गत झाली होती. ज्या ४० कर्जांपैकी २५ थकली, त्या गटाला नामावलीत 'पूर्वी कर्ज घेतले नाही किंवा सर्व फेडले' असे नाव होते. वास्तविक तो पूर्वी फेडीस विलंब केलेल्यांचा गट होता. आणि ज्या २९३ पैकी केवळ ५० थकली, त्यांना नामावलीत 'गंभीर स्थितीतील खाते' म्हटले होते. वास्तविक या बँकेची सर्व कर्जे त्यांनी रीतसर फेडली होती. घोटाळ्याची एक खूण तर उघड्यावरच होती. परदेशी कामगारांच्या रकान्याप्रमाणे हजारांपैकी ९६३ कर्जदार परदेशी कामगार ठरत होते. जर्मनीतील एका प्रादेशिक बँकेच्या बाबतीत हे संभवत नाही. खरा आकडा ३७ होता. 'होय' आणि 'नाही' यांची अदलाबदल झाली होती.

आता वाचकांनी आमच्या मुख्य मुद्द्याकडे लक्ष द्यावे. नावे उलटी असताना खात्याच्या रकान्याचे महत्त्व २१ होते. नावे सुलटी केल्यावरही ते २१ च राहिले; एका अंशानेही हलले नाही. हिशेबात नावे कोठे येतच नव्हती. क, ख, ग, घ या चार ढिगांत थकलेली कर्जे किती विषम वाटली गेली आहेत, एवढेच तो आकडा सांगत होता. ज्या आकड्यास 'खाते नाही' आणि 'पगार जमा होतो' यांतील भेद कळत नाही, तो फेड कशामुळे होते हे कसे सांगू शकेल? कारणे सांगितली ती नामावली वाचणाऱ्या माणसाने; महत्त्वाच्या आकड्याने केवळ त्यांना वजन मिळवून दिले.

मापाची पडताळणी

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. वरील कोष्टकात 'क' गटाचे थकण्याचे प्रमाण शेकडा ४९ आहे. मग त्या बँकेने 'क' गटातील नव्या अर्जदारास 'तुमचे कर्ज थकण्याचा संभव शेकडा ४९' असे सांगावे काय? मुळीच नाही. हजार कर्जांच्या निवडीत थकलेली कर्जे मुद्दाम जास्त घेतली होती, कारण थोड्या थकलेल्या कर्जांवरून अभ्यास होत नाही. बँकेच्या प्रत्यक्ष व्यवहारात थकण्याचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास होते. नमुन्यात ते शेकडा ३० झाले.

ही तफावत दुरुस्त करण्याचा हिशेब सोपा आहे. थकलेल्या व फिटलेल्या कर्जांची निवड आपापल्या वर्गात पक्षपात न करता झाली, असे धरून चालू. हजार कर्जांत खरोखरी ५० थकलेली व ९५० फिटलेली असावयास हवीत. म्हणून प्रत्येक गटातील थकलेल्या कर्जांची संख्या सहाने भागावी, आणि फिटलेल्यांची संख्या ९५० भागिले ७००, म्हणजे सुमारे १.३६ ने गुणावी. 'क' गटात १३५ थकलेल्यांचे साडेबावीस झाले व १३९ फिटलेल्यांचे सुमारे १८९ झाले. एकूण २११ पैकी साडेबावीस, म्हणजे शेकडा १०.७. चारही गटांचा हिशेब येणेप्रमाणे होतो:

| गट | खरे नाव | हजारांत संख्या | थकण्याचे प्रमाण, शेकडा |
|---|---|---|---|
| क | चालू खाते नाही | २११ | १०.७ |
| ख | शिल्लक शून्याखाली | २४० | ७.३ |
| ग | शून्य ते २०० मार्क | ६९ | ३.४ |
| घ | २०० मार्कांवर किंवा पगार जमा | ४८० | १.६ |

क्रम पूर्वीचाच राहिला, जोड्या ओळखण्याचे यशही ७१ च राहिले; परंतु आकडे पार बदलले. भाकिताचे गणित माणसे चांगली ओळखत असूनही त्याचे माप सहापटीने फुगलेले असू शकते, हे यावरून दिसेल. कर्जावर व्याज किती लावावे, बुडिताची तरतूद किती ठेवावी, हे क्रमावरून ठरत नाही, मापावरून ठरते. म्हणून महत्त्वाचा आकडा कितीही चांगला असला तरी पडताळणी वेगळी करावी लागते. ज्या अर्जदारांना गणिताने शेकडा दहाच्या आसपास संभव सांगितला, असे पाचपन्नास नव्हे तर पुरेसे अर्जदार एकत्र करावेत, मुदत संपल्यावर त्यांतील किती थकले ते मोजावे, आणि असेच प्रत्येक पातळीवर करावे.

एकूण जुळले, तरी हिशेब चुकला

नावांच्या घोटाळ्याने प्रत्यक्ष नुकसान कसे होऊ शकते, हे आता पाहता येईल. समजा, एखाद्या बँकेने हे दुरुस्त केलेले प्रमाण घेतले, परंतु नामावली मात्र जुनी, चुकीची वापरली. नवा अर्जदार आला की तिचा कारकून नामावली पाहून त्यास गट देणार. ज्याचे खाते नाही त्यास तो 'घ' लिहील. ज्याची शिल्लक शून्याखाली त्यास 'क'. शून्य ते २०० मार्कवाल्यास 'ख'. आणि पगारदारास 'ग'.

आता हजार अर्जदारांचे भाकीत काढू. खाते नसलेल्या २११ जणांस शेकडा १.६ प्रमाणे तीन-चार थकतील असे भाकीत निघेल. शून्याखालील २४० जणांस १०.७ प्रमाणे पंचवीस-सव्वीस. मधल्या ६९ जणांस ७.३ प्रमाणे पाच. आणि ४८० पगारदारांस ३.४ प्रमाणे सुमारे सोळा. बेरीज केली तर ती पन्नास येते. प्रत्यक्षातही पन्नासच थकणार आहेत! वर्षअखेर संचालकांपुढे अहवाल जाईल की भाकीत पन्नासाचे, थकले पन्नास, माप बिनचूक.

परंतु गटवार पाहिले तर काय दिसते? खाते नसलेल्या दर शंभरांत दोन थकतील म्हणून ज्यांना स्वस्त दराने कर्ज दिले, त्यांच्यांतील जवळजवळ अकरा थकले. उलट पगारदारांकडून शंभरांत तीन-चार थकतील म्हणून जादा व्याज घेतले, आणि थकले दोनच. चांगल्या कुळांवर अन्याय झाला, ती हळूहळू दुसऱ्या बँकेकडे जातील. आणि स्वस्त दराच्या आकर्षणाने थकणारी कुळे वाढतील. म्हणून पडताळणी एकूण बेरजेवर कधीही थांबवू नये. ज्या रकान्यांना महत्त्व दिले आहे, निदान त्या रकान्यांच्या प्रत्येक गटात भाकीत व प्रत्यक्ष शेजारी शेजारी मांडून पाहावे. घोटाळा असेल तर तो तेथे उघड होतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. समजा, कारकुनाजवळ नामावली नाही. यंत्रच क, ख, ग, घ ही अक्षरे जुन्याच रीतीने भरीत आहे. मग नावे उलटी असोत वा सुलटी, प्रत्येक गटात भाकीत बरोबर येईल, माप उत्तम ठरेल. अर्थात माप जुळणे हाही कारणाचा पुरावा नव्हे. महत्त्वाच्या आकड्याप्रमाणे पडताळणीही नावे न वाचता होऊ शकते.

नावे बरोबर असली तरी

आता कोणी म्हणेल, की नामावली सुधारली, मग तरी 'खात्यात पगार जमा झाल्याने कर्ज फिटते' असे म्हणण्यास काय हरकत? हरकत आहे. असे म्हणणे म्हणजे एका निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देणे होय. तो प्रश्न असा: खाते नसलेल्या कर्जदारांना बँकेने खाते उघडावयास लावले, तर त्यांचे थकण्याचे प्रमाण १०.७ वरून खाली येईल काय?

ज्याची नोकरी स्थिर आहे त्याचा पगार खात्यात येतो, आणि ज्याची नोकरी स्थिर आहे तो हप्तेही भरतो. दोन्ही गोष्टी तिसऱ्या एका गोष्टीच्या पाठोपाठ चालत असतील, तर कोऱ्या खात्याचे पुस्तक हाती दिल्याने नोकरी स्थिर होत नाही. पगारातून हप्ता परस्पर वळता होण्याची सोय होते म्हणून थोडा फरक पडेलही. पण किती, ते या हजार नोंदींतून निघत नाही. शिवाय या नोंदी ज्यांना कर्ज मिळाले त्यांच्याच आहेत. नाकारलेल्या अर्जदारांचे काय झाले असते, याची वही कोणाजवळ नाही. कारण जाणावयाचे असेल तर निराळे काम करावे लागते. उदाहरणार्थ, बिनखात्याच्या कर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खाते उघडण्याची अट घालावी, निम्म्यांना घालू नये, आणि दोन्ही गटांची फेड ताडून पाहावी.

अहवालाची भाषा

ही सर्व सावधगिरी शेवटी वाक्यरचनेत उतरावी लागते. मराठीत कारण शिरते ते बहुधा लहानशा प्रत्ययाच्या दाराने. 'मुळे', 'ने', 'अभावी' हे शब्द, आणि 'वाढविते', 'घटविते', 'प्रभाव पाडते', 'जबाबदार आहे' ही क्रियापदे भाकिताच्या अहवालात आली, की वाचणारा त्यास उपाय समजतो. काही वाक्ये आम्ही जोडीने देतो.

'चालू खाते नसल्यामुळे थकण्याचा धोका वाढतो' असे लिहू नये. 'या बँकेने १९७३ ते १९७५ मध्ये ज्यांना कर्ज दिले, त्यांपैकी चालू खाते नसलेल्यांच्या गटात थकलेल्या कर्जांचे प्रमाण अधिक आढळले' असे लिहावे.

'खात्याची स्थिती ही फेडीवर सर्वाधिक प्रभाव पाडणारी बाब आहे' असे लिहू नये. 'खात्याचा रकाना एकटाच वापरला असता थकलेले व फिटलेले कर्ज शंभरांपैकी ७१ जोड्यांत ओळखता आले. तो पिसल्यावर ५० जोड्यांत' असे लिहावे. अनेक रकान्यांचे गणित असल्यास, 'इतर रकाने जागेवर असताना' हे शब्द जोडावेत.

'या अर्जदाराचे कर्ज थकण्याचा संभव शेकडा १०.७ आहे, खाते उघडल्यास तो १.६ होईल' असे तर कधीच लिहू नये. 'अशा नोंदीच्या दर शंभर कर्जदारांपैकी सुमारे अकरा थकतात, असे या व्यवहारात दिसून येते' एवढेच लिहावे. पहिल्या वाक्यात माणूस एका ढिगातून उचलून दुसऱ्यात ठेवला आहे. दुसऱ्यात केवळ ढीग मोजला आहे.

पडताळणीबद्दल लिहिताना 'गणित बरोबर ठरले' असे मोघम न म्हणता कोणाच्या नोंदींवर, कोणत्या वर्षांच्या, कोणत्या गटांत व थकण्याचे मूळ प्रमाण किती धरून पाहिले, हे सांगावे. १९७५ च्या दक्षिण जर्मनीत जुळलेले माप दुसऱ्या काळी व दुसऱ्या बाजारपेठेत जुळेलच असे नाही. तेथे ते पुन्हा ताडून पाहावे लागते.

आपल्या सभासदांपैकी अनेकांना आता कर्जासाठी बँकेकडे गेल्यावर पतगुणांकाचा कागद हाती मिळतो. त्यावर गुणांक कमी येण्यास जुळलेल्या बाबी लिहिलेल्या असतात. तो कागद वाचताना त्यांतील प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न मांडावा: ही बाब मी बदलली तर गणितातील माझी जागा बदलेल, की माझी फेडीची ताकद बदलेल? पहिले पुष्कळदा घडते. दुसरे घडेल की नाही, हे तो कागद सांगत नाही. त्यासाठी आपल्याच रोजमेळाकडे, येण्याच्या वसुलीकडे व देण्याच्या मुदतींकडे पाहावे लागते. आणि जे सभासद स्वतः उधारी देतात, त्यांनी आपल्या कुळांची यादी करून कोणत्या गटात किती बाकी अडकली हे जरूर मोजावे. मात्र मोजण्यापूर्वी रकान्यांवरील नावे मूळ वहीशी ताडून घ्यावीत.